मराठी-हिंदी सबटायटल: वेळ कशी लावायची आणि ओळ कुठे कापायची

सबटायटलचं काम पहिल्यांदा हातात आलं की बहुतेक जण एकच करतात. संवादांची वर्ड फाइल उघडायची, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत झकास भाषांतर करायचं आणि मग ते पडद्यावर बसवायला घ्यायचं. ते बसत नाही. पात्र बोलून उठून जातं, दार आपटतं, तरी खाली दोन ओळी लटकत राहतात. नाहीतर ओळी वेळेवर जातात, पण प्रेक्षकाचं वाचून झालेलं नसतं.

सबटायटलमध्ये वेळ आधी ठरते, मजकूर नंतर. ओळीला मिळणारे सेकंद दिग्दर्शकाने आणि संकलकाने कधीच ठरवून टाकलेले असतात. त्यांत किती अक्षरं मावतील ते पाहून आपण भाषांतर करायचं. पुढचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. हाताशी काय हवं

- चित्रपटाची अंतिम संकलित प्रत. "थोडं एडिट बाकी आहे, तुम्ही सुरू करा" असं कुणी म्हणालं तर थांबा. मधला एक शॉट दोन सेकंदांनी कमी झाला की त्यापुढचं सगळं टाइमिंग सरकतं.
- संवादांची मूळ भाषेतली संहिता. तमिळ किंवा मल्याळम चित्रपट असेल तर बहुधा वेळा लावलेली इंग्रजी फाइल मिळते. तिला टेम्पलेट म्हणतात.
- सबटायटल एडिट हे मोफत सॉफ्टवेअर. आवाजाचा आलेख, म्हणजे वेव्हफॉर्म, त्यात दिसतो. एजीसबही चालेल.
- युनिकोडमध्ये टाइप करण्याची सोय आणि एक नीट देवनागरी फाँट, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरी.
- क्लायंटची नियमावली. ती नसेल तर लेखी विचारून घ्या: एका ओळीत किती अक्षरं, सेकंदाला किती, हिंदीत पूर्णविराम कोणता, आकडे देवनागरी की इंग्रजी.

२. फ्रेम रेट आधी तपासा

हे पाच मिनिटांचं काम आहे, पण टाळलं तर पुढचे दोन दिवस जातात. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा आहे, २४ चा की २३.९७६ चा, ते बघा आणि टेम्पलेट त्याच दराने केलेलं आहे का ते तपासा. त्यासाठी पहिला संवाद, मधला एखादा आणि शेवटचा, अशा तीन जागा ऐकून पाहा.

तिन्ही ठिकाणी सबटायटल सारख्याच अंतराने मागे-पुढे असेल, समजा सगळीकडे दीड सेकंद उशिरा, तर फक्त सरकवायचं आहे. सबटायटल एडिटमध्ये `Synchronization` या मेनूत `Adjust all times` आहे, तिथे काम होतं. पण सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे फरक वाढत जात असेल, तर फ्रेम रेटचा घोळ आहे. २५ आणि २३.९७६ यांच्यातली गफलत तासाभरात सुमारे अडीच मिनिटांवर जाते. २४ आणि २३.९७६ मधली तासाला साडेतीन-चार सेकंदच असते. ती जास्त फसवी, कारण पहिल्या दहा मिनिटांत जाणवतच नाही. याला उपाय त्याच मेनूतलं `Change frame rate`. ओळी एकेक करून हाताने सरकवत बसू नका.

३. वेळ लावा, भाषांतराला अजून हात लावू नका

टेम्पलेट मिळालं नसेल तर ते स्वतः करायचं. प्रत्येक संवादाला सुरुवातीची आणि शेवटाची वेळ द्यायची. सुरुवात आवाज सुरू होतो तिथेच, एखादी फ्रेम इकडे-तिकडे चालेल. वेव्हफॉर्ममध्ये जिथे उंचवटा सुरू होतो ती जागा दिसतेच. फक्त श्वास, हुंदका किंवा घसा खाकरणं याला शब्दाची सुरुवात समजू नका.

शेवटाच्या बाबतीत मात्र हात सैल ठेवायचा. संवाद संपला तरी ओळ अर्धा सेकंद राहिलेली चालते, उलट बरीच वाटते. वाचकाला जो काही जास्तीचा वेळ मिळतो तो इथेच.

नेटफ्लिक्सची नियमावली सगळ्यांना वाचायला खुली आहे. तुमचं काम त्यांच्यासाठी नसलं तरी तिचे आकडे सुरुवातीला धरायला चांगले: एक सबटायटल कमीत कमी ५/६ सेकंद, म्हणजे सुमारे ८३३ मिलिसेकंद, आणि जास्तीत जास्त ७ सेकंद. दोन सबटायटलांमध्ये किमान २ फ्रेमचं अंतर. ओळी दोनच. हे २ फ्रेमचं अंतर नवख्यांना निरर्थक वाटतं. पण ते नसेल तर मजकूर बदललेला डोळ्याला कळत नाही, विशेषतः दोन्ही ओळी साधारण एकाच लांबीच्या असतील तेव्हा.

कटचा नियम मात्र नीट समजून घ्या. ओळ कट ओलांडून जेमतेम पाच-सात फ्रेम पुढे रेंगाळली, तर नव्या शॉटवर जुना मजकूर चमकून जातो आणि ते फार खटकतं. म्हणून संवाद कटच्या आसपास संपत असेल तर ओळ कटच्या २ फ्रेम आधी संपवा. नवा संवाद कटच्या अगदी जवळ सुरू होत असेल तर ओळ कटवरच सुरू करा. संवाद कट ओलांडून बराच पुढे जात असेल तर ओळही खुशाल जाऊ द्या, तिथे ओढाताण करण्यात अर्थ नाही.

४. वाचनाचा वेग: तो आकडा काय मोजतो?

सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीपुढे सेकंदाला किती अक्षरं पडतात तो आकडा दाखवतं. त्याला सीपीएस म्हणतात. हिंदी आणि मराठी, दोन्हींसाठी क्लायंटने काही सांगितलं नसेल तर मी २२ ही कमाल धरते आणि लहान मुलांच्या चित्रपटाला १८. ही कमाल मर्यादा झाली. सगळी फाइल २१-२२ वर चालली तर माणूस सिनेमा बघत नाही, धावत्या ओळी वाचतो. सरासरी १४ ते १६ च्या आसपास राहिली तर जीव घुसमटत नाही.

पण देवनागरीत हा आकडा मोजतो काय? संगणकाच्या लेखी काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे सुटे. "स्त्री" हा शब्द घ्या. डोळ्याला एकच अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी असे सहा तुकडे आहेत. काही सॉफ्टवेअर ते सहा मोजतात, काही तीन, काही एक. एकाच फाइलला एका ठिकाणी शाबासकी आणि दुसऱ्या ठिकाणी लाल खुणा मिळतात त्या यामुळे.

म्हणून काम सुरू करण्याआधी एका रिकाम्या सबटायटलमध्ये फक्त "स्त्री" टाइप करा आणि सॉफ्टवेअर किती म्हणतं ते पाहा. क्लायंटलाही विचारा की त्यांची तपासणी कशी मोजते. त्यांच्याकडे सहा आणि तुमच्याकडे तीन येत असतील तर तुमचा २२ त्यांच्याकडे सहज ३० होईल. मी स्वतः सगळे तुकडे मोजणारी पद्धत धरूनच काम करते. ती सर्वांत कडक आहे, त्यामुळे फाइल परत येत नाही. खाली दिलेले आकडेही त्याच पद्धतीचे आहेत.

हिंदीत आणखी एक गंमत आहे. "लड़का" मधला ड़ दोन प्रकारे टाइप होतो: एकसंध, किंवा ड आणि खाली नुक्ता असा जोडून. दिसायला दोन्ही सारखेच, मोजायला एकाचा फरक. आकड्यापेक्षा त्याचा त्रास शोधताना जास्त होतो: एका प्रकाराने टाइप केलेला शब्द शोधला तर दुसऱ्या प्रकारचा सापडत नाही आणि "सगळीकडे बदला" म्हणूनही निम्मे शब्द तसेच राहतात.

५. आता भाषांतर, म्हणजे मुख्यतः कापणं

एक प्रसंग घेऊ. समजा मल्याळम लघुपट आहे, २५ फ्रेमचा. किनाऱ्यावर थोरला भाऊ धाकट्याला झापतो आहे. संवाद ६ मिनिटं १२.४ सेकंदांवर सुरू होतो आणि १५.२ ला संपतो. पुढचा कट १५.६८ ला आहे, तो धाकट्याच्या चेहऱ्यावर जातो.

आधी वेळ. संवाद स्वतः २.८ सेकंदांचा आहे. कटच्या २ फ्रेम आधी, म्हणजे १५.६० पर्यंत ओळ थांबवता येते. म्हणजे हातात ३.२ सेकंद आले. २२ च्या कमालीने जास्तीत जास्त ७० तुकडे.

त्याच्या बोलण्याचं पूर्ण भाषांतर असं होईल: "अशा हवेत होडी बाहेर काढू नकोस म्हणून मी तुला कालच सांगितलं होतं, पण तू माझं अजिबात ऐकलं नाहीस." हे ९४ भरतं. ३.२ सेकंदांत वेग २९ च्या पुढे. चुकीचं काहीच नाही, पण वाचून होणार नाही.

आता काय जाऊ शकतं? "बाहेर" जाऊ शकतं, होडी काढणं म्हणजे बाहेरच काढणं. "मी", "तुला", "तू", "माझं" ही चारही सर्वनामं जाऊ शकतात, कारण कोण कुणाला बोलतोय ते समोर दिसतंय आणि मराठीत "नकोस", "ऐकलंस" या रूपांतच "तू" आलेला असतो. "अजिबात" मधला राग त्याच्या आवाजात आहे, तो लिहून दाखवायला नको. "कालच" मात्र राहिलं पाहिजे, कारण काल बजावूनही हा गेला यावरच पुढची कथा उभी आहे. "नकोस" तर हलवूच नका. घाईत "नाही", "नको" गळलं की वाक्याचा अर्थ उलटा होतो, आणि तपासणाऱ्यालाही ते पटकन दिसत नाही, कारण वाक्य व्याकरणाने बरोबरच असतं.

उरलं ते असं:

```
41
00:06:12,400 --> 00:06:15,600
कालच म्हटलेलं, अशा हवेत होडी काढू नकोस.
ऐकलंस का?

42
00:06:16,120 --> 00:06:17,720
बाबांची होडी दिसली...

43
00:06:19,200 --> 00:06:20,400
उपडी झालेली.
```

४१ व्या सबटायटलमध्ये आता ४८ तुकडे आहेत, वेग बरोबर १५. पहिली ओळ ३९ ची आहे, म्हणजे एका ओळीला ४२ या नेहमीच्या मर्यादेत. हाच मजकूर "स्त्री"ला तीन मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर ३५ भरतो, म्हणून ती मोजणी आधी माहीत असलेली बरी.

कापताना माझा एक ठरलेला क्रम असतो. आधी हाका जातात: "अरे दादा", "बघ ना", "काय गं". त्या ऐकू येतातच. पण पात्राचं नाव पहिल्यांदा उच्चारलं जात असेल तर ते ठेवायचं. मग पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टी. पात्र बोट दाखवून "ती तिकडे लाल रंगाची होडी दिसते ना" म्हणत असेल तर "ती बघ" पुरे होतं, लाल रंग प्रेक्षकाला दिसतोय. त्यानंतर दुहेरी बोलणं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा वेगळ्या शब्दांत सांगितलेली. माहिती कापायची वेळ सर्वांत शेवटी, आणि ती आलीच तर ती माहिती आधी किंवा पुढे कुठे मिळते का ते पाहूनच.

हिंदी चित्रपटाला मराठी सबटायटल देताना मात्र ही कात्री जपून चालवा. मराठी प्रेक्षकाला हिंदी समजतं. तो ऐकतही असतो आणि वाचतही. पात्र तीन गोष्टींची नावं घेत असेल आणि खाली दोनच आल्या तर तो लगेच पकडतो. इथे शब्दांचा क्रमही शक्य तितका बोलण्याच्या क्रमाने ठेवावा लागतो. मल्याळमच्या बाबतीत जी मोकळीक मिळते ती इथे मिळत नाही.

६. क्रियापद शेवटी येतं, चित्र थांबत नाही

वरच्या फाइलमध्ये ४२ आणि ४३ वेगळे का केले ते पाहा. धाकटा म्हणतो की बाबांची होडी दिसली. मग तो हातातल्या फाटक्या जाळ्याकडे बघतो, दीड सेकंद काहीच बोलत नाही, आणि मग सांगतो की होडी उलटलेली होती. सरळ मराठी वाक्य होईल: "बाबांची होडी उपडी झालेली दिसली." सुंदर वाक्य आहे आणि ते एका सबटायटलमध्ये ऐसपैस मावतं. पण ते तसं दिलं तर प्रेक्षकाला बातमी दीड सेकंद आधी कळते. नट जो थांबलाय तो कशासाठी थांबलाय हेच मग उरत नाही.

म्हणून वाक्य दोन तुकड्यांत. पहिल्या तुकड्यात क्रियापद आधी घेतलं, "दिसली". मधल्या दीड सेकंदात पडद्यावर काहीच मजकूर नाही. त्या वेळात प्रेक्षक जाळं बघतो. मग "उपडी झालेली." बोलताना आपण असं बोलतोच, त्यामुळे ते ओढूनताणून वाटत नाही.

"जर-तर"ची वाक्यंही अशीच फसवतात. मूळ बोलणारा आधी म्हणतो "सगळं सांगेन", मग कट होतो, बांधलेल्या मुलीचा चेहरा दिसतो, आणि त्यावर येतं "तिला सोडलंस तर". मराठीत सवयीने अट आधी लिहिली जाते: "तिला सोडलंस तर सगळं सांगेन." मग "तिला" हा शब्द मुलगी दिसण्याआधीच येतो, आणि ती दिसते तेव्हा खाली "सगळं सांगेन" असतं. अशा ठिकाणी अट वाक्यातून काढून वेगळं वाक्य करा: पहिल्या शॉटवर "सांगतो सगळं." आणि मुलीच्या चेहऱ्यावर "आधी तिला सोड."

विनोदाच्या बाबतीत हे आणखी कडक पाळावं लागतं. हशा जिथे पिकायचा ती गोष्ट नटाच्या तोंडून बाहेर पडण्याआधी खाली दिसता कामा नये. एका सबटायटलमध्ये प्रश्न आणि त्याचं मजेदार उत्तर दोन्ही घातले, तर प्रेक्षक प्रश्नाच्याच वेळी हसून मोकळे होतात. ते कानाला ऐकू येईपर्यंत हसू विरलेलं असतं.

७. हिंदी मराठीवरून करू नका

दोन्ही भाषांचं काम एकालाच मिळतं तेव्हा मोह होतो की मराठी झालंय, त्याचंच हिंदी करून टाकू. तसं केलं की मराठीत जे कापलं ते हिंदीतही आपोआप कापलं जातं, गरज असो वा नसो. वेळा एकाच टेम्पलेटच्या ठेवा, पण शब्द मूळ संवादावरून नव्याने निवडा.

वरचीच ओळ हिंदीत अशी बसते:

```
41
00:06:12,400 --> 00:06:15,600
कल ही कहा था, ऐसे मौसम में
नाव मत निकालना। सुनी मेरी?
```

५२ तुकडे, वेग १६ च्या थोडा वर, दोन्ही ओळी सव्वीस-सव्वीसच्या. हिंदीत विभक्तीचे शब्द सुटे असल्यामुळे असा समतोल साधणं सोपं जातं. मराठीत "बंदरावरच्यांनासुद्धा" असा एकच लांबलचक शब्द तयार होतो आणि ओळ नको तिथे तुटते. उलट मराठीत सर्वनाम गाळून जी बचत होते ती हिंदीच्या भूतकाळात होत नाही, कारण "देखा" म्हटल्यावर कोणी पाहिलं ते कळत नाही. तिथे "मैंने" किंवा "तूने" लागतंच, निदान चित्र पुरेसं स्पष्ट नसेल तेव्हा.

दुसरी गोष्ट संबोधनाची. मराठीत आईला "तू" म्हणणं घरोघरी चालतं. हिंदीत त्याच नात्याला "तुम" की "आप", हे घर, प्रदेश आणि काळ यांवर ठरतं. पात्रांच्या जोड्यांचा एक तक्ता आधीच करून ठेवा: कोण कुणाला काय म्हणतं, आणि कुठल्या प्रसंगानंतर ते बदलतं. नाहीतर विसाव्या मिनिटाला "आप" म्हणणारी सून चाळिसाव्या मिनिटाला कारण नसताना "तुम"वर येते.

८. ओळ कुठे तोडायची

थोडक्यात सांगते. दोन ओळी कराव्या लागल्या तर अर्थाच्या सांध्यावर तोडा: स्वल्पविरामानंतर, "पण", "म्हणून", "कारण" यांच्या आधी. हिंदीत नाम एका ओळीत आणि त्याचा "ने", "को", "के लिए" दुसऱ्या ओळीत असं होऊ देऊ नका. मराठीत "सांगून टाक", "येऊ दे" अशा जोडक्रियापदांना फोडू नका. माणसाचं नाव आणि आडनाव एकाच ओळीत असू द्या. दोघांचे संवाद एकाच सबटायटलमध्ये आले तर प्रत्येकाची वेगळी ओळ आणि सुरुवातीला छोटी रेघ.

फोनवरचा आवाज, गाणं, आठवणीतलं बोलणं यांसाठी इंग्रजी फाइलमध्ये तिरपी अक्षरं असतात. देवनागरीत ती वाचायला त्रासदायक होतात आणि पुष्कळ फाँटमध्ये नुसतीच वाकवलेली दिसतात. क्लायंटचा आग्रह नसेल तर टाळा.

९. अक्षरं मोडतात तेव्हा

हा भाग नीट वाचा, कारण सगळं चांगलं करूनही काम इथे मातीत जातं.

फाइल नेहमी `UTF-8` मध्येच साठवा. उघडल्यावर सगळीकडे `????` दिसत असेल तर ती चुकीच्या एन्कोडिंगमध्ये साठवली गेली आहे आणि मजकूर कायमचा गेला, जुनी प्रत शोधा. `à¤` सारखं काहीतरी दिसत असेल तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त वाचणारं सॉफ्टवेअर चुकीचं एन्कोडिंग धरतंय. `UTF-8` निवडून पुन्हा उघडा.

दुसऱ्याकडून मजकूर घेत असाल तर तो कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहे का ते आधी बघा. त्यांच्या संगणकावर तो देवनागरी दिसतो, तुमच्याकडे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

मराठीचे म्हणून दोन-तीन खास खड्डे आहेत. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला ऱ्य काही कीबोर्डांवर नीट येत नाही आणि "दुसर्या" असं रफाराचं रूप पडतं. फाइलमध्ये `र्या` शोधा आणि एकेक जागा बघून सुधारा. सगळे एकदम बदलू नका, नाहीतर "आचार्यांना" असलेले गुरुजी "आचाऱ्यांना" होऊन स्वयंपाकघरात जातील. "ॲप", "ॲसिड" मधला ॲ जुन्या टीव्हीवर किंवा जुन्या फाँटमध्ये चौकट म्हणून दिसू शकतो. आणि हिंदी फाइलमधून ओळ उचलून मराठीत चिकटवली की `।` सोबत येतो, मराठीत तो "." करायला विसरू नका.

सबटायटल व्हिडिओवर कायमचं छापून द्यायचं असेल, तर आधी ffmpeg या प्रोग्रामने मिनिटभराचा तुकडा छापून बघा:

```
ffmpeg -i film.mp4 -t 60 -vf "subtitles=film.mr.srt:force_style='FontName=Noto Sans Devanagari'" test.mp4
```

पहिल्या मिनिटात संवाद नसतील तर चाचणीसाठी दोन-तीन कठीण शब्दांचं एक खोटं सबटायटल सुरुवातीला घाला: "शक्ती", "किर्र", "दुसऱ्या", "कृष्ण". ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे सरकलेली दिसली किंवा जोडाक्षराच्या जागी हलन्त उघडा पडला, तर ते सॉफ्टवेअर देवनागरीची जुळणी करत नाही. फाँट बदलून ते सुधारत नाही, सॉफ्टवेअरच बदलावं लागतं. याच चाचणीत दोन ओळींमधलं अंतरही बघा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत अडकत असतील तर ते अंतर वाढवायला हवं.

१०. तपासणी आणि फाइल देणं

सॉफ्टवेअरच्या लाल खुणा संपल्या म्हणजे तपासणी झाली, असं नाही. चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबवता, दूरच्या खुर्चीत बसून बघा. काम करताना प्रत्येक ओळ पाठ झालेली असते, त्यामुळे तुम्हाला ती नेहमीच वेळेत वाचून होते. तुमचा अंदाज इथे कामाचा नाही. मूळ भाषा न कळणाऱ्या कुणालातरी बसवा आणि त्यांना ओळींबद्दल नाही, चित्राबद्दल विचारा: धाकट्याच्या हातात काय होतं? जाळं सांगितलं तर त्या जागेचं टाइमिंग बरोबर आहे. "लक्ष नाही गेलं" म्हणाले तर ४१ किंवा ४२ मध्ये अजून काहीतरी कापायचं राहिलंय, मग सीपीएस कितीही असो.

बघताना हातात कागद ठेवा आणि खटकलेल्या जागेची फक्त वेळ लिहा, थांबून दुरुस्त करू नका. पाटी, मोबाइलवरचा मेसेज, वर्तमानपत्राचा मथळा अशा पडद्यावरच्या मजकुराचं भाषांतर राहिलंय का तेही याच फेरीत कळतं. तो मजकूर आणि संवाद एकाच वेळी आले तर जो कथेला लागतो तो ठेवा, दोन्ही कोंबू नका.

दुरुस्त्या झाल्या की दोन्ही फाइलना व्हिडिओचंच नाव आणि भाषेचा कोड द्या: मराठीसाठी `film.mr.srt`, हिंदीसाठी `film.hi.srt`. व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या की व्हीएलसी त्या आपोआप उचलतो. पाठवताना व्हिडिओच्या कोणत्या प्रतीवर आणि किती फ्रेम रेटने काम केलं ते मेलमध्ये एका ओळीत लिहा. पुढे कुणी नवीन संकलित प्रत पाठवून "सबटायटल मागे-पुढे होताहेत" असं कळवलं, तर पहिल्यांदा तीच ओळ लागते.